सापडलं नाही म्हणजे नाही, असं नाही!

तुमच्या गावच्या ग्रुपवरही ती पीडीएफ येऊन गेली असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि त्यानंतर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांची रजिस्टरं, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, महसूलची जुनी कागदपत्रं बाहेर निघाली, स्कॅन झाली आणि जिल्हा प्रशासनांनी ती संकेतस्थळांवर टाकली. मग शिरूर-दौंडपासून मराठवाड्यापर्यंत घराघरांत एकच काम सुरू झालं. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात मोबाइल द्यायचा आणि म्हणायचं, ‘बघ रे, आपलं आडनाव सापडतंय का.’

पोरगं सर्चमध्ये आडनाव टाकतं. ‘शून्य निकाल’. घरात जाहीर होतं, आपली नोंद नाही. माझा आक्षेप या वाक्याला आहे. स्कॅनमधून काय भरवशाने काढता येतं आणि काय नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. त्यामुळे जे मशीनला वाचता आलं नाही, ते अस्तित्वातच नाही असं आपण धरून चालतो. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं, अगदी पहिल्या पायरीपासून.

पीडीएफ उघडते, अक्षरं स्पष्ट दिसतात, तरी सर्च का चालत नाही?

कारण ती अक्षरं नाहीतच, तो अक्षरांचा फोटो आहे. पीडीएफ हे फक्त पाकीट आहे. त्याच्या आत कधी खरा मजकूर असतो, कधी नुसतं चित्र. ओळखायची सोपी खूण म्हणजे एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा किंवा माउसने तो निवडून बघा. शब्द निवडला गेला तर आत मजकूर आहे. आख्खं पान निवडलं गेलं किंवा काहीच झालं नाही, तर ते चित्र आहे. चित्रात सर्च करणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरला हाक मारणं.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा आहे. शब्द निवडला जातो, कॉपीही होतो, पण पेस्ट केल्यावर भलतीच इंग्रजी चिन्हं उमटतात. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे दुसरीच अक्षरं असतात. अशा फाइलमध्ये मराठी आडनाव कधीच सापडणार नाही. मात्र मजकूर शाबूत असतो. योग्य फाँट कन्व्हर्टर मिळाला तर तो जवळपास जसाच्या तसा परत मिळतो.

मग चित्रातून मजकूर काढायचा कसा?

त्याला ओसीआर म्हणतात. प्रोग्राम चित्रातल्या काळ्या आकारांवरून अक्षरं ओळखतो. मोबाइलमधलं गुगल लेन्स हेच करतं. कॉम्प्युटरवर ‘टेसरॅक्ट’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्याला मराठी येतं, फक्त तसं सांगावं लागतं.

```
pdftoppm -r 300 -png nond.pdf pan
tesseract pan-1.png nikal -l mar
```

पहिली ओळ पीडीएफच्या पानांची चित्रं करते. दुसरी ओळ त्यातल्या पहिल्या पानाचा मजकूर काढून `nikal.txt` या फाइलमध्ये ठेवते. फाइल दहा किंवा जास्त पानांची असेल तर चित्राचं नाव `pan-01.png` असं बनतं, ते बघून घ्या. यात महत्त्वाचं आहे ते `mar`. ते विसरलात तर प्रोग्राम पान इंग्रजी समजून वाचतो. त्याऐवजी हिंदीचं `hin` दिलंत तर ‘ळ’ची पंचाईत होते, कारण हिंदी मजकुरात तो जवळपास येतच नाही. मग लिंगाळी, पाबळ, टाकळी हाजी ही आपली गावं भलत्याच नावाने बाहेर पडतात आणि सर्च पुन्हा शून्य.

किती भरवसा ठेवायचा?

सगळ्या कागदांना एकच उत्तर नाही. एखाद्या घरच्या फाइलमध्ये तीन कागद आहेत असं समजू. पहिला, कॉम्प्युटरवर छापलेला आणि नंतर स्कॅन केलेला सातबारा. दुसरा, आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचं पान, म्हणजे रकान्यांची डोकी छापील आणि नोंदी शाईच्या. तिसरा, गाव नमुना १४ चं मोडी लिपीतलं पान.

पहिल्यातून बहुतेक मजकूर बरा निघतो. गावाचं नाव, खातेदारांची नावं, ‘भूधारणा पद्धती’सारखी छापील वाक्यं यात चुका कमी असतात आणि झाली तरी ती वाचताना लक्षात येते. दुसऱ्यातून रकान्यांची डोकी निघतात, खालच्या हस्ताक्षराचा भरवसा नाही. एक गुरुजी मोत्यासारखं लिहायचे, त्यांची पानं थोडीफार वाचली जातात. त्यांच्यानंतरच्या गुरुजींचं अक्षर लपेटीचं, तिथे प्रोग्राम काहीतरी उमटवतो आणि ते शब्दांसारखं दिसतं, एवढंच. तिसऱ्यातून काहीही निघत नाही. टेसरॅक्टसोबत मिळणाऱ्या भाषांमध्ये मोडी नाही. ते पान `mar` लावून चालवलंत तर प्रोग्राम ‘मला येत नाही’ असं म्हणत नाही. मोडीच्या वळणांना देवनागरी समजून तो अक्षरांची रास ओततो. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. तिथे मोडी जाणणारा माणूसच लागतो.

छापील कागद तरी बिनधास्त वापरू का?

शब्द हो, आकडे नाही. शब्द चुकला तर तो बोंबलतो. ‘खातेदर’ वाचलं की तुम्ही मनातल्या मनात ‘खातेदार’ करता. आकडा चुकला तर गप्प राहतो, कारण चुकीचा आकडाही आकडाच असतो.

थोडा हिशेब करू. समजा प्रोग्रामने शंभरातली ९८ अक्षरं बरोबर ओळखली. ऐकायला डिस्टिंक्शन वाटतं. पण तारखेत आठ अंक असतात आणि आठही बरोबर यायला हवेत. ०.९८ ला स्वतःनेच आठ वेळा गुणत गेलात तर उत्तर सुमारे ०.८५ येतं. म्हणजे शंभर तारखांमधल्या साधारण पंधरा चुकीच्या, आणि त्या नेमक्या कोणत्या हे दिसत नाही.

सातबाऱ्यावर हे कसं घडतं बघा. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. समजा ०.८१.०० असं आहे, म्हणजे ८१ आर, साधारण दोन एकर. फिक्या छपाईत पहिलं शून्य आणि ठिपका गेला की ते ८१.०० होतं. गटाचा हिस्सा १२/३ असेल तर मधली तिरकी रेघ ‘१’ म्हणून वाचली जाते आणि गट नंबर बनतो १२१३. गावाच्या नावापुढचं ‘बु॥’ म्हणजे बुद्रुक, त्या दोन दंडांचे अकरा होतात. यातलं काहीच वाचताना खटकत नाही. म्हणून पडताळा बाहेरून घ्यावा लागतो. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राएवढी येते का? १२१३ नंबरचा गट गावात आहे तरी का? बेरीज जुळली नाही तर मूळ पान उघडा.

हस्ताक्षरातली तारीख डोळ्यांनाही कळली नाही तर?

इथे खरं दावणीला लागलेलं असतं. ओबीसीच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. तिच्या आधीचे पुरावे महत्त्वाचे धरले जातात. आता समजा, आजोबांच्या शाळाप्रवेशाची तारीख १२-६-१९६१ अशी आहे. शाईच्या देवनागरीत ‘१’ आणि ‘९’ हे भाऊ-भाऊ. ‘१’चं डोकं जरा फुगलं की तो ‘९’ दिसतो. प्रोग्रामने १९६९ काढलं. एका अंकाने नोंद मानीव तारखेच्या पलीकडे गेली.

नुसतं त्या अंकाकडे बघत बसून हे सुटत नाही. रजिस्टरच्या रचनेत उत्तर असतं. पहिली गोष्ट, दाखल नंबर क्रमाने चढत जातात आणि प्रवेशाच्या तारखाही त्यांच्यासोबत पुढे सरकतात. वरच्या आणि खालच्या पाच-पाच नोंदी बघा. सगळ्या १९६१ च्या असतील तर मधलीच एक १९६९ ची कशी असेल? दुसरी गोष्ट, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांतही लिहिलेली असते. आपल्याकडच्या अर्ध्या आजोबांसारखा यांचाही जन्म एक जूनचा आणि अक्षरात लिहिलंय ‘एकोणीसशे पंचावन्न’. इयत्ता पहिलीत प्रवेश. १९६१ धरलं तर मुलगा सहा वर्षांचा, १९६९ धरलं तर चौदाचा. चौदा वर्षांचा मुलगा पहिलीत बसवणं अवघडच. दोन्ही पडताळे एकाच उत्तराकडे बोट दाखवतात.

अंकांपेक्षा अक्षरी लिहिलेल्या तारखेवर जास्त विश्वास ठेवा, याचं कारण साधं आहे. ६१ आणि ६९ यांच्यात एका गाठीचा फरक आहे. ‘एकसष्ट’ आणि ‘एकोणसत्तर’ यांच्यात मात्र कितीही वाईट अक्षर असलं तरी गल्लत होणं कठीण. त्या काळच्या गुरुजींनी तारीख दोनदा लिहून ठेवली, ती आज आपल्या कामी येतेय.

एक पथ्य पाळा. हा पडताळा तुमची खात्री पटवण्यासाठी आहे, कागद बदलण्यासाठी नाही. अर्जात लिहायचं ते कार्यालयाने दिलेल्या नकलेत जे आहे तेच.

आडनाव आणि जात सर्च करून शून्य आलं, म्हणजे नोंद नाही ना?

हाच तो प्रश्न, ज्यासाठी हा लेख लिहिला. सर्चने ‘आहे’ म्हटलं तर तो चांगला धागा आहे, पान उघडा आणि डोळ्यांनी खात्री करा. सर्चने ‘नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ फक्त ‘मला दिसलं नाही’ असा आहे.

का दिसत नाही याची कारणं रजिस्टरमध्येच असतात. जातीच्या रकान्यात एकदा ‘कुणबी’ लिहिलं की खालच्या दहा नोंदींसमोर लिहिणारा फक्त दोन बारीक रेघा मारतो किंवा ‘कित्ता’ लिहितो. माणसाला त्याचा अर्थ कळतो, प्रोग्राम त्या रेघा गाळतो किंवा त्यांचे अकरा करतो. म्हणजे पहिल्या मुलाची नोंद सर्चमध्ये येते, खालचे दहाजण गायब. शिवाय लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे तोच शब्द कुठे ‘कुनबी’, कुठे ‘कुळंबी’, कुठे नुसता ‘कु’ असतो. (कोणतं रूप ग्राह्य धरायचं हे अधिकारी आणि समिती ठरवतात. इथे प्रश्न फक्त सापडण्याचा आहे.) आडनावाचंही तसंच. जुन्या नोंदीत बऱ्याचदा नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं, आडनाव लिहिलेलंच नसतं. मग आजचं आडनाव टाकून काय सापडणार?

आणि हे फक्त मराठी कागदांचं नाही. १८८५ सालचं पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर छापील आहे, त्याचं ओसीआर बऱ्यापैकी चांगलं येतं. त्यात Daund शोधलंत तर गाव हाती लागणार नाही, कारण तेव्हाचं स्पेलिंग Dhond. शिरूर शोधायचं तर Sirur. प्रोग्रामने अचूक वाचलं, तरी आपण चुकीच्या नावाने हाक मारली.

म्हणून पद्धत अशी ठेवा. आधी गाव, मग वर्षांचा टप्पा ठरवा. खापरपणजोबांपर्यंतची नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. मग त्या टप्प्यातली पानं एकेक करून डोळ्यांखालून घाला. सर्च फक्त कुठून सुरुवात करायची ते सांगतो. पानं चाळण्यावाचून सुटका नाही.

ग्रुपवर आलेला फोटो चालेल का?

ओळख पटवण्यासाठी चालेल, मजकूर काढण्यासाठी नाही. ए-फोर पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर उंची ३५०० पिक्सेलच्या आसपास भरते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवला की साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यात पहिला बळी जातो अनुस्वाराचा, मग वेलांटीच्या टोकाचा, मग दशांशाच्या ठिपक्याचा. पुढे तो कितीही मोठा करून बघा, गेलेला ठिपका परत येत नाही. फाइल पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि फोटो काढायचा असेल तर पान सपाट ठेवून, उजेडात, बरोबर वरून काढा. रजिस्टरच्या शिलाईकडे वळलेल्या ओळी वाकड्या येतात आणि रकाने एकमेकांत मिसळतात. मग एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते.

काढलेला मजकूर पुरावा म्हणून जोडता येतो का?

नाही. तो तुमचा कच्चा कागद. पुरावा म्हणजे कार्यालयाने किंवा शाळेने दिलेली सही-शिक्क्याची नक्कल, आणि मोडी असेल तर सोबत जाणकाराने केलेलं लिप्यंतर. ओसीआरचा खरा फायदा असा की नक्कल मागायला जाताना तुमच्याकडे गाव, रजिस्टर, वर्ष, पान आणि दाखल नंबर तयार असतात. ‘साहेब, आमची नोंद बघा ना’ असं म्हणत काउंटरवर ताटकळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता माझं मत. स्कॅन करणं म्हणजे डिजिटल करणं, हा गैरसमज आधी प्रशासनाच्या डोक्यातून जायला हवा. हजारो पानांची चित्रं नुसत्या क्रमांकांची नावं देऊन टाकली, तर ती कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेली एवढंच. मी आख्खं रजिस्टर टाइप करा असं म्हणत नाही. प्रत्येक स्कॅनसोबत माणसाने टाइप केलेली एकच ओळ हवी : गाव, कागदाचा प्रकार, लिपी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि किती पानं. एवढ्यावर दौंडच्या मुलीला कळेल की तिच्या गावची १९२० ते १९३५ ची पानं कुठे आहेत आणि ती मोडीत आहेत की देवनागरीत. आज तिला तेवढंही कळत नाही, म्हणून ती आडनाव टाकते आणि शून्य बघून फाइल बंद करते.

नावं आणि तारखा टाइप करायच्याच असतील तर जुनी, खात्रीची रीत आहे. एकच पान दोघांनी एकमेकांचं न बघता टाइप करायचं आणि दोन्ही फाइल ताडून बघायच्या. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तिसऱ्याने मूळ पान बघायचं. दोघेही एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता कमी असते, आणि उरलेली चूक शोधायला शेवटी माणसाचा डोळाच लागतो. शिरूर आणि दौंडच्या कॉलेजांमध्ये एनएसएसची मुलं आहेत, मराठीची आणि इतिहासाची मुलं आहेत. तहसील कार्यालयाने आणि शाळांनी देखरेखीखाली हे काम त्यांच्याकडे द्यावं. त्यात लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत, त्यामुळे पानं ग्रुपवर फिरवायची नाहीत, हा पहिला नियम.

तोवर घरात कुणी विचारलं, ‘सापडली का रे नोंद?’ तर ‘नाही’ म्हणू नका. ‘अजून चाळीस पानं बघायची आहेत’ असं सांगा.